वर्तुळ दोन पाकळ्यांतच संपलं: सातवीच्या वर्गातल्या एका सर्वेक्षणाची हकीकत

सातवीच्या माझ्या तुकडीचा पट होता ३६. वृत्तालेख शिकवायचा म्हटल्यावर मला ही लॉटरीच वाटली. वर्तुळाचे अंश ३६०, मुलं ३६, म्हणजे दर मुलामागे बरोबर १० अंश. अपूर्णांक नाही, भागाकार नाही, मुलांना फक्त एक शून्य जोडायचं. चार तासिकांचा आराखडा केला: पहिल्या तासिकेत सर्वेक्षण, दुसरीत स्तंभालेख, तिसरीत वृत्तालेख, चौथीत दोन्हींचं वाचन. प्रत्यक्षात सात तासिका गेल्या. का गेल्या त्याचीच ही नोंद आहे, कारण त्या तीन जादा तासिकांत मुलं जे शिकली ते माझ्या आराखड्यात नव्हतंच.

हात वर करा

प्रश्न साधा होता: मोकळ्या वेळात काय करायला आवडतं? पर्याय मुलांकडूनच घेतले आणि त्यांचे पाच गट केले: मैदानी खेळ, मोबाईल किंवा टीव्ही, चित्र काढणं, वाचन, गाणी. मी एकेक पर्याय वाचत गेले, मुलं हात वर करत गेली, आणि एक मुलगी फळ्यावर ताळ्याच्या खुणा करत होती. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. ही पाचवी आडवी रेघ का असते हे दरवर्षी विचारावं लागतं. एका मुलाने उत्तर दिलं, "मोजताना पाच, दहा, पंधरा म्हणता येतं." यापुढे त्यात सांगण्यासारखं काही नाही.

फळ्यावर आलेली वारंवारता अशी होती: खेळ २०, मोबाईल किंवा टीव्ही १५, चित्र ८, वाचन ६, गाणी ५. तास संपला म्हणून मी बेरीज केली नाही. ती केली असती तर पुढचा सगळा गोंधळ टळला असता. आज वाटतं, नाही केली तेच बरं.

हात वर करून घेण्यात आणखी एक खोट होती आणि ती मला तेव्हाच दिसली होती. वाचनाला सुरुवातीला दोनच हात होते. मग वर्गात पहिली येणाऱ्या मुलीने हात वर केला आणि तिच्या मागोमाग तिघींचे वर गेले. हात सगळ्यांना दिसतो, त्यामुळे उत्तर आपलं उरत नाही. शिवाय एका मुलाने दोनदा हात वर केला होता, मोबाईललाही आणि गाण्यांनाही, कारण तो गाणी मोबाईलवर ऐकतो. पर्याय एकमेकांत शिरले की असं होतं. पण मी "ठीक आहे" म्हणून पुढे गेले.

कागदावरचे जिने

दुसऱ्या तासिकेत आलेख कागद दिले. X-अक्षावर छंद, Y-अक्षावर मुलांची संख्या, स्तंभांची रुंदी सारखी, दोन स्तंभांतलं अंतर सारखं, हे सगळं पाचवी-सहावीपासून पाठ झालेलं असतं. प्रमाण किती घ्यायचं ते मी मुद्दाम सांगितलं नाही. बहुतेकांनी १ सेमी = २ मुलं घेतलं. म्हणजे खेळाचा स्तंभ १० सेमी, मोबाईलचा साडेसात, चित्राचा ४, वाचनाचा ३ आणि गाण्यांचा अडीच.

फेरी मारताना सात-आठ वह्यांत एकच चूक दिसली. ही चूक मला दरवर्षी भेटते, म्हणून तिच्याजवळ जरा थांबते. या मुलांनी Y-अक्षावर ०, २, ४, ६ असे समान टप्पे लिहिलेच नव्हते. त्यांनी तक्त्यातल्याच संख्या चढत्या क्रमाने, एकेक सेंटीमीटरवर मांडल्या होत्या: ५, ६, ८, १५, २०. मग गाण्यांचा स्तंभ १ सेमी, वाचनाचा २, चित्राचा ३, मोबाईलचा ४, खेळाचा ५. दिसायला अगदी देखणा जिना. प्रत्येक स्तंभ आपल्या संख्येपाशी बरोबर थांबतो, त्यामुळे मुलाला चूक दिसत नाही, आणि घाईत तपासणाऱ्या शिक्षकालाही नाही.

या आलेखात गाणी आणि वाचन यांतला एका मुलाचा फरक आणि चित्र व मोबाईल यांतला सात मुलांचा फरक, दोन्ही सारखेच १ सेमी दिसतात. मी त्यांना "चुकलं" असं म्हटलं नाही. एकाच्या वहीवर बोट ठेवून विचारलं, "या रेघेवर १० कुठे येतील?"

त्याने ८ आणि १५ च्या मधोमध बोट ठेवलं.

"आणि ११?"

बोट जरा वर सरकलं. "आणि ३?" आता तो ५ च्या खाली, शून्याच्या जवळ कुठेतरी बोट फिरवू लागला आणि थांबला. "बाई, इथे शून्यापासून ५ पर्यंत एकच घर आहे आणि ५ पासून ६ पर्यंतपण एकच." पुढचं त्याचं त्यानेच खोडलं. अक्षावर नसलेली संख्या दाखवायला सांगणं, एवढीच ही चाचणी. अक्ष म्हणजे नावांची यादी नव्हे, ती संख्यारेषा आहे, हे ज्याला कळलंय तो ती संख्या लगेच दाखवतो.

एका मुलीने उलटी गंमत केली होती. कागद वाचवायचा म्हणून तिने Y-अक्ष शून्याऐवजी ४ पासून सुरू केला. तिच्या आलेखात गाण्यांचा स्तंभ होता एका घराचा आणि खेळाचा सोळा घरांचा. खरं तर २० म्हणजे ५ ची चौपट. तिचा आलेख मी फळ्याशेजारी लावला आणि वर्गाला विचारलं, गाण्यांपेक्षा खेळ आवडणारे किती पट? "सोळा" असे आवाज आले. मग संख्या वाचल्या. स्तंभालेखात आपण उंची बघून तुलना करतो, म्हणून तो शून्यापासूनच उभा राहिला पाहिजे. हे समजावायला त्या एका आलेखाइतकं चांगलं साधन मला आजवर मिळालेलं नाही.

"बाई, वर्तुळ संपलं"

तिसऱ्या तासिकेला मी माझी लॉटरी काढली. ३६ मुलं म्हणजे दर मुलामागे १० अंश. खेळ २०, म्हणजे २०० अंश. मोबाईल १५, म्हणजे १५० अंश. कामाला लागा.

पहिली अडचण लगेच आली. कोनमापक अर्धवर्तुळाकृती, १८० च्या पुढे जातच नाही. दोन-तीन मुलांनी मार्ग काढला: ३६० मधून २०० गेले, राहिले १६०, तेवढा कोन काढून दुसरी बाजू खेळाला द्यायची. मी खूश झाले. इतक्यात दुसऱ्या बाकावरून आवाज आला, "बाई, वर्तुळ संपलं."

तिने २०० ची पाकळी काढली होती, तिला लागून १५० ची काढली होती, आणि आता शेवटी १० अंशांची एक चिंचोळी फट उरली होती. त्या फटीत तिला चित्राचे ८०, वाचनाचे ६० आणि गाण्यांचे ५० अंश बसवायचे होते. एव्हाना सगळ्या वर्गात हीच ओरड सुरू झाली. काहींना वाटलं कोनमापक चुकीचा धरला. एकाने वर्तुळ मोठं काढून पाहिलं, त्याची त्रिज्या ३ सेमीवरून ५ सेमी केली. मोठ्या वर्तुळात जागा जास्त असणार, हा त्याचा हिशेब. पाकळ्या मोठ्या झाल्या, फट पुन्हा १० अंशांचीच राहिली. कोन त्रिज्येवर अवलंबून नसतो हे त्याने त्या दिवशी हाताने पाहिलं.

मी फळ्यावर बेरीज केली. २० + १५ + ८ + ६ + ५ = ५४. मुलं ३६, हात ५४. अंशांची बेरीज ५४०, म्हणजे दीड वर्तुळ.

चूक माझी होती आणि मी तसं सांगितलं. एका मुलाला कितीही वेळा हात वर करायची मुभा मी दिली होती. अशा माहितीचा स्तंभालेख बिनचूक निघतो, कारण प्रत्येक स्तंभ स्वतंत्र उभा असतो. खेळाला किती हात वर झाले याच्याशी वाचनाच्या स्तंभाचं काही देणंघेणं नसतं. वृत्तालेखाचं तसं नाही. तिथे आधी एक पूर्ण वस्तू हवी, आणि तिचे तुकडे असे हवेत की एकही दोनदा मोजला जाणार नाही आणि एकही सुटणार नाही. आमच्या ३६ मुलांचे असे तुकडे पडलेच नव्हते. खेळही आवडतो आणि मोबाईलही आवडतो असं सांगणारा मुलगा दोन पाकळ्यांत बसला होता.

इथे मागच्या बाकावरच्या एका मुलाने जो प्रश्न विचारला त्याला मी तयार नव्हते. "मग ३६ ऐवजी ५४ ने भागलं तर? वर्तुळ बंद होईल की."

बरोबर होतं. आम्ही करून पाहिलं. खेळ: २० ला ५४ ने भागून ३६० ने गुणलं, सुमारे १३३ अंश. मोबाईल १०० अंश, चित्र साधारण ५३, वाचन ४०, गाणी ३३. शेजारशेजारच्या पाकळ्या नीट जुळल्या आणि वर्तुळ बंद झालं. वर्ग सुटकेचा श्वास सोडत होता. तेव्हा मी विचारलं, "या वर्तुळात खेळाची पाकळी अर्ध्यापेक्षा मोठी आहे का?"

नाही. १३३ अंश १८० पेक्षा कमी.

"आणि वर्गातल्या अर्ध्यापेक्षा जास्त मुलांना खेळ आवडतो का?"

३६ पैकी २०. हो, आवडतो. अर्ध्यापेक्षा दोन जास्त.

वर्ग शांत झाला. वर्तुळ बंद झालं म्हणजे ते खरं बोलतं असं नाही. ते वर्तुळ मुलांचं नव्हतं, हातांचं होतं. त्यातून "एकूण हातांपैकी खेळाला किती हात" एवढंच वाचता येतं आणि तेवढ्यापुरतं ते बरोबरही आहे. पण ते पाहणारा प्रत्येक जण "एकूण मुलांपैकी" असंच वाचणार. मोठ्या माणसांच्या सर्वेक्षणांतही, जिथे एकाहून जास्त उत्तरं निवडायची मुभा असते, तिथे हाच फसवा वृत्तालेख काढलेला मी पाहिलाय.

चिठ्ठ्या, पट्ट्या आणि एक कडं

चौथ्या तासिकेला सर्वेक्षण पुन्हा घेतलं. या वेळी चिठ्ठ्या दिल्या, नाव लिहायचं नाही. प्रश्न बदलला: मोकळ्या वेळात यांपैकी सर्वांत जास्त काय आवडतं? एकच लिहा. "गाणी" हा पर्याय बदलून "गाणी म्हणणं किंवा वाद्य वाजवणं" केला, म्हणजे मोबाईलशी गल्लत नको. चिठ्ठ्या मोजण्याआधी मुलांनीच एकूण मोजल्या: ३६. हे त्यांना सांगावं लागलं नाही.

| छंद | मुलं | केंद्रीय कोन |
|---|---|---|
| मैदानी खेळ | १४ | १४०° |
| मोबाईल किंवा टीव्ही | १० | १००° |
| चित्र काढणं | ५ | ५०° |
| वाचन | ४ | ४०° |
| गाणी, वाद्य | ३ | ३०° |
| एकूण | ३६ | ३६०° |

कोनमापक हातात देण्याआधी मी या तासिकेचा उरलेला वेळ पट्ट्यांवर घालवला. माझ्या मते या सगळ्या धड्यातली ही सर्वांत उपयोगी तासिका. रंगीत कागदाच्या १ सेमी रुंद पट्ट्या कापायच्या, एका मुलाला १ सेमी लांबी. खेळाची लाल पट्टी १४ सेमी, मोबाईलची निळी १०, चित्राची पिवळी ५, वाचनाची हिरवी ४, गाण्यांची पांढरी ३. या पाच पट्ट्या आलेख कागदावर शेजारीशेजारी उभ्या ठेवल्या की झाला स्तंभालेख. त्याच पट्ट्या उचलून टोकाला टोक जोडत आडव्या चिकटवल्या की ३६ सेमी लांबीची एक पट्टी होते. आणि तिची दोन टोकं एकमेकांना चिकटवली की कडं होतं.

या कड्याचा परीघ ३६ सेमी, म्हणून त्रिज्या ३६ भागिले ६.२८, म्हणजे साधारण ५.७ सेमी. तेवढ्या त्रिज्येचं वर्तुळ कंपासने काढून कडं त्यावर उभं ठेवायचं, जिथे रंग बदलतो तिथे खुणा करायच्या आणि खुणा केंद्राला जोडायच्या. वृत्तालेख तयार, आणि कोनमापक दप्तरातच. मघाशी उभे असलेले स्तंभच आता वाकून वर्तुळ झालेत, हे मुलं आपल्या हाताने करतात. केंद्रीय कोनाचं सूत्र त्यानंतर फळ्यावर लिहिलं तर ते आकाशातून पडत नाही:

केंद्रीय कोन = (घटकाची संख्या ÷ एकूण संख्या) × ३६०°

यातली एक बारकाई आधी सांगायला हवी, मी विसरले होते. पट्ट्या एकमेकींवर चढवून चिकटवल्या तर प्रत्येक जोडाला अर्धा-एक सेंटीमीटर खाल्ला जातो आणि पाच जोडांत कडं ३२-३३ सेमीचं होतं. मग रंगांच्या खुणा वर्तुळावर जुळत नाहीत. प्रत्येक पट्टी १ सेमी जास्त कापावी, त्या जादा भागावर रेघोट्या माराव्यात आणि फक्त तिथेच गोंद लावावा.

कोनमापकाच्या दोन ओळी

पाचव्या तासिकेला कोनमापक आला. वर्तुळाची त्रिज्या सगळ्यांना ६ सेमी घ्यायला लावली. छोट्या वर्तुळात पाकळ्यांच्या रेघा कोनमापकाच्या आकड्यांपर्यंत पोचत नाहीत, मुलं अंदाजाने खूण करतात आणि पाच पाकळ्यांत मिळून पाच-सात अंश इकडेतिकडे होतात. शेवटची पाकळी काढायची नाही, उरलेली मोजायची, असाही नियम केला. ती ३० अंशांची भरली तर काम चोख. २८ किंवा ३२ भरली तर चालेल. २० भरली तर मागे जाऊन शोधा. बहुतेक मुलं शेवटच्या पाकळीत चूक गुपचूप जिरवतात. मोजायला लावलं की ती जिरत नाही.

पण एक वही अशी निघाली की तिने हा नियमही चकवला. वर्तुळ बंद, शेवटची पाकळी ३० अंश, सगळं चोख. तरीही काहीतरी खुपत होतं. खेळाची पाकळी मोबाईलच्या पाकळीपेक्षा लहान दिसत होती आणि वाचनाची सगळ्यांत मोठी. मुलाने कोनमापकावरची चुकीची ओळ वाचली होती. कोनमापकावर डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे अशा अंशांच्या दोन ओळी असतात. एकीवर जिथे १४० तिथेच दुसरीवर ४०. त्याने खेळाला १४० ऐवजी ४० आणि वाचनाला ४० ऐवजी १४० अंश दिले. नेमक्या याच दोन कोनांची बेरीज १८०, त्यामुळे दोन चुकांनी एकमेकींना झाकलं आणि बेरीज ३६० च राहिली.

यावर उपाय साधा आहे आणि कोन काढण्याआधीच करायचा आहे. १४० अंश हा काटकोनापेक्षा मोठा की लहान? खूण केल्यावर पाकळी तशी दिसते का? एवढं तोंडाने म्हणायला लावलं की दोन ओळींचा घोळ जवळजवळ नाहीसा होतो.

"बहुतेक" या शब्दावरून भांडण

सहाव्या तासिकेला वाचन. आधी सरळ प्रश्न: चित्र काढणं किती जणांना आवडतं? मग दोन आकडे जोडणारे: खेळ आणि मोबाईल मिळून वर्गाचा किती भाग? २४ मुलं, २४० अंश, दोनतृतीयांश. इथवर कुणाची हरकत नव्हती.

मग मी प्रत्येकाला आलेखाखाली एक वाक्य लिहायला सांगितलं. निम्म्या वर्गाने लिहिलं, "बहुतेक मुलांना खेळ सर्वांत जास्त आवडतो." दोघी-तिघींनी लिहिलं होतं, "सर्वांत जास्त मुलांनी खेळ निवडला." मी दोन्ही वाक्यं फळ्यावर लिहिली आणि विचारलं, दोन्ही सारखीच का?

स्तंभालेख पाहणारी मुलं म्हणाली, सारखीच. खेळाचा स्तंभ सगळ्यांत उंच आहे. वृत्तालेख पाहणारी एक मुलगी म्हणाली, "खेळाची पाकळी अर्धीसुद्धा नाही. २२ जणांनी खेळ लिहिलाच नाही, मग बहुतेक कसं?" बराच वेळ वाद चालला. "बहुतेक" म्हणजे अर्ध्याहून चांगलेच जास्त, यावर शेवटी एकमत झालं. पहिला क्रमांक मिळवायला अर्ध्याहून जास्त लागत नाही. ३६ मध्ये १४ सुद्धा पुरतात, कारण बाकीचे २२ चार ठिकाणी विखुरलेत. हे स्तंभालेखात पटकन दिसत नाही. तिथे डोळा शेजारच्या स्तंभाशी तुलना करतो, एकूणाशी नाही. वृत्तालेखात अर्धं वर्तुळ डोळ्यांसमोरच असतं.

याउलट चित्र ५ आणि वाचन ४ यांतला फरक वृत्तालेखात विचारला तर मुलं पाकळ्यांकडे डोळे बारीक करून बघत राहिली. ५० आणि ४० अंश, लांबून सारखेच. स्तंभालेखात तो फरक बाकावर बसल्या बसल्या दिसतो. कोन किंवा क्षेत्रफळ यांच्यापेक्षा लांबीची तुलना माणसाचा डोळा जास्त अचूक करतो. म्हणून पाकळ्या सहा-सातच्या वर गेल्या की मी वृत्तालेख काढूच देत नाही.

आणखी एक वाक्य गाजलं: "मोबाईलमुळे मुलं वाचत नाहीत." लिहिणाऱ्याचं म्हणणं, मोबाईलचे १० आणि वाचनाचे ४, आणखी काय पुरावा हवा? त्याला वर्गातच उत्तर मिळालं. दुसऱ्या सर्वेक्षणात प्रत्येकाने एकच छंद लिहिला होता. मोबाईल लिहिणारा वाचतच नाही असं कुठे लिहिलंय? पहिल्या सर्वेक्षणात दोन्हींना हात वर करणारे होते की नव्हते, ते आम्ही नोंदवलंच नव्हतं, फक्त हात मोजले होते. ज्या मुलीने हे सांगितलं तिने जाता जाता अशी नोंद कशी करायची तेही सांगितलं: नावांची यादी करून प्रत्येकासमोर पाच रकाने. आमच्या तक्त्यात ती माहिती नाही, म्हणून आमच्या आलेखातही ती नाही.

शेजारची तुकडी

सातवी तासिका मी मुद्दाम ओढवून घेतली. शेजारच्या तुकडीचा पट ४०. त्यांच्याकडून त्याच चिठ्ठ्या भरून आणल्या: खेळ १५, मोबाईल ९, चित्र ८, वाचन ४, गाणी ४. आता "शून्य जोडा" ही युक्ती चालेना. ३६० भागिले ४०, दर मुलामागे ९ अंश: १३५, ८१, ७२, ३६, ३६. बेरीज ३६०. आधी बेरीज, मग कंपास, ही सवय आता वर्गाला लागली होती.

पुढच्या आठवड्यात आमच्याच वर्गात एक नवीन मुलगा आला. त्याने वाचन लिहिलं आणि पट ३७ झाला. ३६० ला ३७ ने भागलं तर ९.७३ च्या आसपास येतात. ज्यांनी सोयीसाठी लगेच १० धरले त्यांची बेरीज ३७० आली. ज्यांनी आधी गुणाकार करून शेवटी जवळच्या पूर्ण अंशाला नेलं त्यांना १३६, ९७, ४९, ४९, २९ मिळाले, बेरीज ३६०. नेहमीच इतकी नीट येते असं नाही. एखादा अंश कमी-जास्त झाला तर तो सगळ्यांत मोठ्या पाकळीत टाकावा, तिथे तो दिसत नाही.

पण मला ही दुसरी तुकडी कोनांसाठी नको होती. दोन्ही तुकड्यांचे आलेख, आमचे ३६ मुलांचे जुनेच, व्हरांड्यात शेजारीशेजारी लावले. दोन स्तंभालेख, एकाच प्रमाणाचे, आणि खाली दोन वृत्तालेख, एकाच त्रिज्येचे. वाचनाला दोन्हीकडे ४ मुलं, तरी आमची पाकळी ४० अंश आणि त्यांची ३६. हे दिसल्यावर मुलांनी आपणहून वृत्तालेखांखाली एकूण संख्या लिहिली, आधी ती कुणीच लिहिली नव्हती. तेवढ्यावर मी समाधानी होते.

मधल्या सुट्टीत शेजारच्या तुकडीतली चार-पाच मुलं आली. त्यांची तक्रार होती की आमच्या वर्गाने आलेखात लबाडी केलीय. "आमचा खेळाचा स्तंभ तुमच्यापेक्षा उंच आहे, १५ आहे. मग खाली आमची पाकळी तुमच्यापेक्षा बारीक का काढली?"

माझ्या वर्गातल्या तीन मुली उठल्या आणि पट्ट्यांचा डबा घेऊन व्हरांड्यात गेल्या.